सहा बाय तीनचा स्टॉल, आधी शब्दांत

प्रदर्शनात पहिल्यांदा स्टॉल घेणारा लहान कारखानदार हल्ली मंडपवाल्याकडे जाण्याआधी मोबाइल उघडतो. चित्र काढून देणाऱ्या एआय साधनात तो लिहितो: ‘माझ्या कंपनीसाठी आकर्षक, आधुनिक, भव्य स्टॉल दाखव.’ मिनिटभरात चित्र येतं. चकचकीत पांढरी जमीन, वळणदार भिंती, छतातून लोंबणारं निळं प्रकाशकडं, मधोमध काचेचं टेबल आणि सूटबुटातली चार माणसं. कारखानदार खूश होतो आणि चित्र फॅब्रिकेटरला पाठवतो. फॅब्रिकेटर फोन करून पहिला प्रश्न विचारतो, ‘साहेब, जागा किती आहे?’ जागा असते अठरा चौरस मीटर. चित्रातला स्टॉल साठ-सत्तर मीटरचा तरी असतो.

यात साधनाची फसवणूक नसते. लाखो छायाचित्रं आणि त्यांच्याखालची वर्णनं यांवरून ते शिकलेलं असतं. कोणत्या शब्दाबरोबर कोणतं दृश्य सहसा येतं, एवढंच त्याला ठाऊक असतं. ‘प्रदर्शनातला भव्य स्टॉल’ या शब्दांबरोबर येणारी चित्रं बहुतेक मोठ्या कंपन्यांची, परदेशातल्या उंच हॉलमधली असतात. मीटर म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं. ‘3 मीटर खोल’ लिहिलं काय नि ‘5 मीटर खोल’ लिहिलं काय, चित्रात फारसा फरक पडत नाही. म्हणून प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे साधनाला लिहून देण्याच्या मजकुरात, विशेषणं घालून भागत नाही. त्यात जागेचा नकाशाच शब्दांनी मांडावा लागतो, आणि त्यासाठी तो नकाशा आधी आपल्या डोक्यात पक्का असावा लागतो.

एक उदाहरण घेऊन हे शेवटपर्यंत नेऊ. समजा, मिरजेकडचा एक लहान उत्पादक कडबाकुट्टी यंत्रं बनवतो आणि पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या शेती प्रदर्शनात त्याला स्टॉल मांडायचा आहे. जागा सहा मीटर रुंद, तीन मीटर खोल. कोपऱ्यावरची असल्याने समोरची आणि उजवी बाजू मोकळी, मागे आणि डावीकडे भिंत. आयोजक देतात तो स्टॉल बहुधा ‘शेल स्कीम’चा असतो. म्हणजे ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले पांढरे पॅनल, प्रत्येक साधारण एक मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच, आणि मोकळ्या बाजूंवर कंपनीचं नाव लिहिलेली आडवी पट्टी. तिला फॅसिया म्हणतात. आपल्या उत्पादकाच्या मागच्या भिंतीला असे सहा पॅनल येतील आणि डाव्या भिंतीला तीन.

आता पाहणाऱ्याचा विचार. आयोजकांच्या नकाशावरून प्रवेशद्वार कुठे आहे ते कळतं. समजा, बहुतेक गर्दी डावीकडून येणार आहे. तो माणूस स्टॉलच्या कडेपासून दीड मीटर अंतर राखून वाटेने चालत येतोय. आपल्याला वाटतं, त्याला आपली मागची भिंत लांबूनच दिसेल. तसं होत नाही, कारण डावी भिंत आड येते. स्टॉलच्या चार मीटर अलीकडे असताना त्याची नजर डाव्या भिंतीच्या पुढच्या कडेला घासून तिरकी आत जाते आणि मागच्या भिंतीला न लागताच उजव्या मोकळ्या बाजूने बाहेर पडते. दोन मीटर अलीकडे आल्यावर मागच्या भिंतीचे अगदी उजवीकडचे दोन पॅनल दिसू लागतात. एक मीटरवर आला की उजवीकडचे चार. डावीकडचे दोन पॅनल तो जवळजवळ समोर येईपर्यंत दिसत नाहीत, आणि डाव्या भिंतीची आतली बाजू तर तो पुढे जाऊन मागे वळून पाहील तेव्हाच दिसेल. कारखान्याच्या जमिनीवर खडूने सहा बाय तीनचा चौकोन आखून, एका टोकाला खुर्ची ठेवून, दोरी ताणून पाहिलं तर हे पाच मिनिटांत पटतं.

या एका गोष्टीवरून निम्मी मांडणी ठरते. मोठं ठळक वाक्य मागच्या भिंतीच्या उजव्या दोन पॅनलवर जायला हवं. अनेक स्टॉलवर ते डाव्या भिंतीवर किंवा मधोमध असतं, कारण मालकाने स्टॉलचं चित्र समोरून उभं राहून कल्पिलेलं असतं. पाहुणा मात्र बाजूने येतो.

चालू यंत्रही उजवीकडेच हवं, म्हणजे दोन्ही वाटांवरून दिसेल आणि चार मीटरवरून त्याचा पुढचा भाग तरी नजरेला पडेल. पण कडबाकुट्टी हे काही मिक्सर नाही. तिच्या पात्यांनी हात गेल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकायला मिळतात, आणि प्रदर्शनात मुलं असतातच. म्हणून मागच्या भिंतीला टेकून दोन मीटर लांब आणि एक मीटर ऐंशी सेंटिमीटर खोल असा रेलिंगचा चौकोन, त्यात यंत्र आणि चालवणारा माणूस. चारा घालायचं तोंड चालकाकडे राहील आणि पाहुण्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर असेल. बारीक झालेली कुट्टी पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत पडेल, कारण शेतकऱ्याला पाहायची असते ती कुट्टीची लांबी. रंग आणि पॉलिश तो नंतर पाहतो.

विजेचं इथेच सांगून टाकतो, कारण चित्रात ती दिसत नाही आणि म्हणून विसरली जाते. शेल स्कीमबरोबर बहुधा पाच ॲम्पियरचा एक प्लग मिळतो. त्यावर फार तर साडेअकराशे वॉट ओढता येतात. दोन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने चालताना दीड हजार वॉटहून जास्त घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. जादा वीजजोडणीचा अर्ज आधीच भरलेला नसेल तर प्रात्यक्षिकाचा कोपरा नुसता शोभेचा राहतो.

रेलिंगच्या पुढे समोरच्या कडेपर्यंत एक मीटर वीस सेंटिमीटर जागा उरते आणि उजवीकडे एक मीटर. ही उरलेली जागा वाया गेली असं मालकाला वाटतं. खरं तर स्टॉल चालतो तो याच पट्ट्यामुळे. उभ्या माणसाला साधारण साठ सेंटिमीटर लागतात आणि त्याच्या मागून जाणाऱ्याला तेवढेच. त्याहून कमी ठेवलं तर पाहणारे वाटेवर सांडतात, आयोजकांची माणसं येऊन हटवतात, किंवा मागून धक्के लागून लोक स्वतःच निघून जातात. दुकानांतल्या गिऱ्हाइकांच्या हालचालींचा अभ्यास करणारे अमेरिकेतले पॅको अंडरहिल यांनी 1999 साली आलेल्या ‘व्हाय वी बाय’ या पुस्तकात न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स या दुकानातली नोंद दिली आहे. टायचा स्टँड मुख्य वाटेवर होता. टाय पाहणाऱ्याला मागून एक-दोन धक्के लागले की तो टाय सोडून चालू पडायचा. मोशीच्या गर्दीत माणसं धक्क्याला अधिक सरावलेली असतील, पण दहा हजारांच्या वरच्या यंत्राबद्दल विचार करताना कोणालाही पाठीमागे थोडी मोकळीक लागतेच.

डाव्या अर्ध्या भागाचं काम वेगळं. तिथे मागच्या भिंतीला दोन बंद यंत्रं, हात लावून पाहता येतील अशी. मागच्या डाव्या कोपऱ्यात पडद्याआड एक बाय एक मीटरची सामानाची जागा. बॅगा, डबे, पत्रकांचे गठ्ठे, पाण्याच्या बाटल्या यांना अशी जागा दिली नाही तर ते टेबलाखालून डोकावतात. बोलणी करायचं टेबल डाव्या भिंतीला लावून, अरुंद, दोन स्टुलांसह. टेबल समोरच्या कडेवर आडवं टाकून त्यामागे बसायची सवय फार जुनी आहे. तसं केलं की अठरा चौरस मीटरचा स्टॉल पाहुण्याच्या दृष्टीने तिकीट खिडकी होऊन जातो. आपल्या मांडणीत पाहुणा उजव्या कोपऱ्यातून येईल, चालू यंत्रापाशी थांबेल, ज्याला रस आहे तो डावीकडे बंद यंत्रांकडे सरकेल, त्यातला कोणी टेबलाशी बसेल आणि समोरच्या डाव्या बाजूने बाहेर पडेल. नुसता बघ्या उजवीकडूनच निघून जाईल आणि बोलणी करणाऱ्याच्या मध्ये येणार नाही.

अक्षरांचे पट्टे उंचीनुसार ठरतात. दोन मीटरच्या वरचा पट्टा गर्दीच्या डोक्यांवरून दिसतो. तिथे यंत्र काय करतं ते सांगणारं एकच वाक्य. फलकांच्या कामात जुना अंदाज असा आहे की तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर सुखाने वाचता येतं. म्हणजे दहा मीटरवरून वाचायचं तर अक्षर आठ-नऊ सेंटिमीटरचं हवं. देवनागरीत वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार जागा खातात, म्हणून थोडं जास्तच धरावं. सव्वा ते पावणेदोन मीटर हा डोळ्यासमोरचा पट्टा. जवळ उभा राहून वाचायची माहिती तिथे: मोटर, तासाला किती चारा कापतं, सिंगल फेजवर चालतं की नाही. एक मीटरच्या खाली काहीच लिहू नये. तिथे फक्त पाय आणि यंत्रं दिसतात. फोन नंबर तळाशी छापलेले फ्लेक्स मी इतके पाहिले आहेत की ते कोणासाठी छापतात हे मला अजून कळलेलं नाही.

इतकं ठरलं की प्रॉम्प्ट लिहिणं सोपं होतं. मीटरच्या जागी मोजता येतील अशा वस्तू घालायच्या. ‘सहा मीटर’ऐवजी ‘एकाशेजारी एक सहा पॅनल’. ‘अडीच मीटर उंच’ऐवजी ‘उभ्या माणसाचं डोकं पॅनलच्या दोन तृतीयांश उंचीला’. ‘स्टॉल’ एवढंच लिहिलं तर कधी वडापावची गाडीही येते, म्हणून ज्या नावाने ही रचना जगभर ओळखली जाते ते इंग्रजी नाव तसंच घालावं. कडबाकुट्टीचंही तेच. ‘नको’ हा शब्द शक्यतो टाळावा. ‘समोर टेबल नको’ लिहिलं की टेबल हा शब्द पोचतो आणि अनेकदा टेबलच येतं. त्याऐवजी जे हवं ते सांगावं: समोरची कड मोकळी.

```
कोपऱ्यावरचा लहान shell scheme exhibition booth, समोरून,
माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून.
मागची भिंत: एकाशेजारी एक सहा पांढरे उभे पॅनल. डावी भिंत: तीन.
समोरची आणि उजवी बाजू मोकळी, वर फक्त नावाची अरुंद पट्टी.
उजव्या अर्ध्यात मागच्या भिंतीला लागून कमरेएवढं रेलिंग,
आत एक chaff cutter आणि ते चालवणारा एक माणूस.
रेलिंगबाहेर पाच-सहा शेतकरी अर्धवर्तुळात, कॅमेऱ्याकडे पाठ.
डावीकडे मागे दोन बंद यंत्रं, एक जण वाकून पाहतोय.
डाव्या भिंतीला अरुंद टेबल, दोन जण बसून बोलताहेत.
समोरच्या कडेवर मोकळी जमीन.
उजव्या दोन पॅनलच्या वरच्या भागात कोरा पिवळा आयत.
इतर पॅनलवर डोळ्याच्या उंचीला कोरे करडे आयत.
उभ्या माणसांची डोकी पॅनलच्या दोन तृतीयांश उंचीला.
साधा मंडप, दिवसाचा उजेड.
```

पाटीच्या जागा कोऱ्या ठेवायला सांगितलं, त्याला कारण आहे. ही साधनं अक्षरंही चित्रासारखीच काढतात. इंग्रजी आता बरंच नीट येतं, पण देवनागरीत अनेकदा जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते आणि ‘कडबाकुट्टी’चं काहीतरी अगम्य होतं. कोरा रंगीत आयत मिळाला की त्यावर आपला मजकूर नंतर कोणत्याही साध्या डिझाइन ॲपमध्ये बसवता येतो. शिवाय पिवळा म्हणजे दुरून वाचायचं, करडा म्हणजे जवळून, हे चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला न सांगता कळतं.

गर्दीचा प्रवाहही असाच माणसांच्या जागांमधून सांगितला आहे. चित्र स्थिर असतं, त्यामुळे ‘लोक उजवीकडून येऊन डावीकडे जातात’ या वाक्याचं साधन काहीही करू शकतं. बाण काढायला सांगितले तर ते भिंतीतून आरपार जातात. कोण कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे एवढं सांगावं. बाण नंतर आपण हाताने काढावेत.

मजकूर लांबला तर एक अडचण येऊ शकते. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या पिढीतली साधनं 77 तुकड्यांपर्यंतच मजकूर एका वेळी वाचत, आणि एक शब्द म्हणजे एक किंवा अधिक तुकडे. पुढचं सारं गळून पडायचं. त्यांना मराठीही जेमतेमच कळतं, तिथे छोटं इंग्रजी लिहावं लागतं. नव्या साधनांत ही मर्यादा सैल झाली आहे, तरी महत्त्वाचं ते वर ठेवावं. वरच्या मजकुरात भिंती आधी, यंत्र नंतर आणि मंडपाचा उजेड शेवटी आहे तो त्यासाठीच. चित्र आडवं हवं असेल तर तेही सांगावं लागतं. मिडजर्नीमध्ये ते शेवटी `--ar 3:2` असं लिहितात.

एवढं लिहूनही यंत्र बहुधा चुकतं. कधी झाडं चिरडणारं परदेशी यंत्र येतं, कधी पिठाच्या गिरणीसारखं काहीतरी. यावर शब्दांचा उपाय नाही. आपल्या यंत्राचा साध्या भिंतीपुढचा फोटो साधनाला द्यावा आणि ‘हेच यंत्र’ म्हणावं. मांडणीसाठीही तीच युक्ती जास्त भरवशाची. वहीवर सहा बाय तीनचं तिरकं रेखाटन करावं, यंत्राच्या जागी नुसते ठोकळे काढावेत आणि त्याचा फोटो प्रॉम्प्टबरोबर द्यावा. रेषांना धरून चित्र काढायला लावणारं कंट्रोलनेट हे तंत्र 2023 च्या सुरुवातीला आलं. आता चित्र देऊन चित्र मागायची सोय बऱ्याच साधनांत असते. रेखाटन वाईट असलं तरी चालतं, प्रमाण मात्र बरोबर हवं.

आलेलं चित्र तपासायचं ते सौंदर्य बाजूला ठेवून. आधी मागचे पॅनल मोजावेत. आठ आले तर स्टॉल मनानेच आठ मीटरचा झाला. मग डोक्यांची रेषा पाहावी. चित्र डोळ्याच्या उंचीवरून काढलेलं असेल तर सपाट जमिनीवर उभ्या, साधारण सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे जवळचे असोत की लांबचे, जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर यायला हवेत. मागची माणसं त्या रेषेखाली बुटकी झाली असतील तर साधनाने मागची जागा चोरून वाढवली आहे. चित्र देखणं दिसेल, पण त्यातली मोकळीक खोटी असेल. तिसरं, रेलिंग आणि समोरची कड यांच्यामध्ये दोन माणसं एकामागे एक उभी राहतील का, ते चित्रातल्याच माणसाची रुंदी घेऊन मोजावं.

चुका दिसल्या की सगळा प्रॉम्प्ट बदलायचा मोह होतो. तसं केलं तर पुन्हा नवंच चित्र येतं आणि आधीचं बरोबर आलेलंही जातं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. शक्य असेल तिथे चित्राचा तेवढाच भाग निवडून दुरुस्त करावा. समोरचं चित्र पसंत पडलं की तेच देऊन वरून दिसणारं दुसरं मागावं, छत काढून टाकलेल्या खोलीसारखं, म्हणजे वाटा मोकळ्या आहेत की नाही ते दिसतं. डावीकडून येणाऱ्याच्या नजरेतलं तिसरं चित्रही मागून पाहावं, पण त्यावर विसंबू नये. साधनाने शिकलेल्या फोटोंमध्ये स्टॉल पूर्ण दिसतात, त्यामुळे आड येणारी भिंत ते सहसा सोयीस्करपणे वगळतं. तिथे खडूचा चौकोन आणि दोरीच खरी.

फॅब्रिकेटरकडे जाताना ही चित्रं एकटी नेऊ नयेत. त्यांच्यावर कोणी माप धरू शकत नाही आणि धरलं तर भांडण होतं. सोबत चौकटीच्या कागदावर मापांसह काढलेला आराखडा द्यावा आणि त्यावर लिहावं की माप आराखड्यातलं, दिसणं चित्रातलं. पॅनलला डावीकडून एक ते सहा आकडे द्यावेत. पाच आणि सहावर वरचं वाक्य, एकच अखंड व्हिनाइल, मधल्या खांबावर अक्षर येणार नाही असं. तीन आणि चारवर डोळ्याच्या उंचीचा सनबोर्ड. विजेचं टोक चौथ्या पॅनलपाशी, तीन पिनचं, किती वॉटचं ते आकड्यात. पॅनलला खिळे मारायला बहुतेक आयोजक परवानगी देत नाहीत, म्हणून सनबोर्ड दुहेरी टेपवर की हुकवर, हे तिथेच विचारून घ्यावं. टेपवर म्हणाला तर वजनाची खात्री करावी, कारण चालू यंत्राच्या हादऱ्यांनी जड बोर्ड पडू शकतो, आणि तो पडेल तो बरोबर चालकाच्या पाठीवर.